क्लाउड किंवा नेटवर्क ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये प्रोग्राम बसवल्यावर येणारा ‘Access is denied’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील अडत दुकाने, उद्यमनगरातील वर्कशॉप आणि कर सल्लागारांची कार्यालये येथील संगणकांची देखभाल करताना एक तक्रार माझ्याकडे सतत येते. प्रोग्राम इन्स्टॉल करताना किंवा त्याचे अपडेट बसवताना मध्येच `Access is denied` असा संदेश येतो, संगणकाचे सर्व अधिकार हातात असूनही येतो, आणि कधी कधी काहीही न करता आपोआप नाहीसा होतो. बहुतेक वेळा त्याचे मूळ प्रोग्राम कोणत्या फोल्डरमध्ये बसवला आहे यात असते. पुढील उत्तरे विंडोज 10 आणि 11 वापरणाऱ्यांसाठी आहेत. त्यांत मी मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउड सेवेचे उदाहरण घेतले आहे, कारण विंडोजबरोबर ते आधीपासूनच येते. परंतु ड्रॉपबॉक्स किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या, म्हणजे क्लाउडवरील प्रतीशी आपोआप जुळवल्या जाणाऱ्या, फोल्डरमध्येही हीच अडचण उद्भवते.

आम्ही प्रोग्राम डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये बसवला आहे. त्याचा क्लाउडशी काय संबंध?

बऱ्याच संगणकांवर डेस्कटॉप हाच क्लाउडचा फोल्डर झालेला असतो आणि वापरणाऱ्याला त्याची कल्पना नसते. नवीन संगणक सुरू करताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केले आणि फोल्डरचा बॅकअप घेण्यास होकार दिला, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलवले जातात. पडद्यावर सर्व काही पूर्वीसारखेच दिसते, पण खरा पत्ता बदललेला असतो. आपल्या संगणकावर काय स्थिती आहे हे पाहण्यासाठी पॉवरशेल उघडून पुढील ओळ चालवावी.

```
[Environment]::GetFolderPath('Desktop')
```

उत्तरात `C:\Users\Office\Desktop` यासारखा पत्ता आला तर डेस्कटॉप साधा आहे. `C:\Users\Office\OneDrive\Desktop` असे काही आले, तर तेथे ठेवलेली प्रत्येक फाईल क्लाउडवर चढवली जाते, आणि त्यात आपण बसवलेल्या प्रोग्रामच्या शेकडो लहान फायलीही आल्या.

संगणक माझा, पासवर्ड माझा, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ही केले. तरी परवानगी नाही असे का सांगितले जाते?

या संदेशाचा शब्दशः अर्थ ‘परवानगी नाही’ असा असला, तरी विंडोज तो केवळ अधिकार नसतानाच दाखवते असे नाही. ज्या क्षणी इन्स्टॉलरला जुनी फाईल पुसून त्या जागी नवी ठेवायची असते, नेमक्या त्याच क्षणी ती फाईल दुसऱ्या कोणाच्या हातात असेल तरीही हाच संदेश येऊ शकतो.

आतले काम समजून घेतले की हे स्पष्ट होते. आपल्याकडील अनेक छोटे हिशेबाचे आणि बिलिंगचे प्रोग्राम इनो सेटअप नावाच्या साधनाने बांधलेले असतात. हा इन्स्टॉलर नवी फाईल प्रथम त्याच फोल्डरमध्ये `is-` ने सुरू होणाऱ्या आणि `.tmp` ने संपणाऱ्या तात्पुरत्या नावाने उतरवतो, मग जुनी फाईल पुसतो आणि त्यानंतर तात्पुरत्या फाईलला खरे नाव देतो. सिंक करणारा प्रोग्राम त्या फोल्डरवर सतत नजर ठेवून असतो. एखादी फाईल बदलली की तो ती उघडतो, वाचतो आणि वर चढवू लागतो, किंवा दुसऱ्या संगणकावरून आलेली नवी आवृत्ती तेथे उतरवू लागतो. इन्स्टॉलरचे पुसणे आणि सिंकचे उघडणे एकाच क्षणी आले, तर पडद्यावर असे दिसते.

```
DeleteFile failed; code 5.
Access is denied.
```

कधी `code 5` ऐवजी `code 32` येतो आणि त्याखाली ही फाईल दुसरा प्रोग्राम वापरत असल्याचे वाक्य असते. 32 हा अधिक प्रामाणिक आकडा आहे, कारण फाईल दुसऱ्याकडे उघडी आहे हे तो सरळ सांगतो. 5 मात्र फसवा आहे. खरोखर अधिकार नसताना तो येतो, चालू असलेली `.exe` फाईल पुसू पाहिली तरी येतो, आणि फाईल पुसण्याची नोंद झाली आहे पण कोणाचा तरी हात तिच्यावरून अजून सुटलेला नाही अशा मधल्या अवस्थेतही येऊ शकतो. ॲडमिनिस्ट्रेटर होऊन यांपैकी फक्त पहिले कारण दूर होते.

प्रत्यक्षात हे कसे घडते, याचे एखादे उदाहरण द्याल का?

शाहू मार्केट यार्डातील एका गूळ अडत दुकानात हा प्रकार घडला आणि त्यात जवळजवळ सर्व बाजू एकत्र आल्या होत्या. सकाळचे सौदे आटोपले की शेतकऱ्यांच्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या करण्याचा त्यांचा प्रोग्राम डेस्कटॉपवरील `Patti` नावाच्या फोल्डरमध्ये बसवलेला होता. एक संगणक खाली काउंटरवर आणि एक वर माडीवर होता, आणि दोन्हींवर एकच मायक्रोसॉफ्ट खाते चालू होते. त्यामुळे `Patti` फोल्डर दोन्हीकडे आपोआप दिसू लागला होता आणि दुकानदारांची अशी समजूत झाली होती की दोन संगणक छान जोडले गेले आहेत.

हंगामाच्या ऐन गर्दीत प्रोग्रामचे अपडेट आले. दिवाणजींनी ते प्रथम माडीवरच्या संगणकावर बसवले आणि तेथे काही अडले नाही. साधारण पंधरा मिनिटांनी ते खाली आले आणि काउंटरच्या संगणकावर तोच इन्स्टॉलर सुरू केला. दरम्यान माडीवरच्या नव्या फायली क्लाउडवर चढून काउंटरच्या संगणकावर उतरू लागल्या होत्या, म्हणजे ज्या फायली इन्स्टॉलर बदलू पाहत होता, त्याच वनड्राइव्हही बदलत होता. `PattiReport.dll` या फाईलवर संदेश आला. दिवाणजींनी पुन्हा प्रयत्न करण्याचे बटण दाबले, तेव्हा ती फाईल गेली आणि पुढच्या `PattiPrint.dll` वर गाडी अडली. तेथे कंटाळून त्यांनी `Skip this file` निवडले. इन्स्टॉलर शेवटपर्यंत गेला आणि काम यशस्वी झाल्याचेही त्याने सांगितले.

प्रोग्राम उघडत होता, शेतकऱ्याचे नाव येत होते, वजन आणि दर भरता येत होता. पट्टी छापायला घेतली की मात्र तो बंद पडत होता. “साहेब, मी काहीच केलं नाही हो, नुसतं अपडेट केलं,” असे दिवाणजी मला फोनवर सांगत होते आणि ते अगदी खरे होते. मी फोल्डर उघडून फायली तारखेनुसार लावल्या, तेव्हा सर्व फायलींवर त्या दिवसाची तारीख होती आणि एकट्या `PattiPrint.dll` वर मागील वर्षाची. नवा प्रोग्राम जुन्या छपाईच्या फाईलशी बोलू पाहत होता आणि दोघांची भाषा जुळत नव्हती.

त्याहून गंभीर गोष्ट खालच्या ओळीत होती. खात्यांची सर्व माहिती ज्या `Khate.mdb` फाईलमध्ये राहते, तिच्या शेजारी `Khate-MADI.mdb` अशी दुसरी फाईल तयार झाली होती. `MADI` हे माडीवरच्या संगणकाचे नाव. दोन्ही संगणकांवर एकाच वेळी पट्ट्या भरल्या गेल्या, आपापल्या ठिकाणी दोन्हींनी फाईल बदलली, आणि कोणती खरी हे ठरवता न आल्यामुळे सिंकने दोन्ही ठेवल्या. यात सिंकचा दोष काढता येणार नाही, कारण माहिती पुसून टाकण्यापेक्षा दोन प्रती ठेवणे केव्हाही बरे. पण त्या दिवशीच्या काही पट्ट्या एका फाईलमध्ये आणि काही दुसरीत होत्या. संध्याकाळी छापील पट्ट्यांच्या स्थळप्रती समोर ठेवून, एकेक क्रमांक तपासून त्या पुन्हा भराव्या लागल्या. ज्याच्या गुळाचे पैसे त्या पट्टीवर अवलंबून असतात, त्याच्या दृष्टीने ही साधी तांत्रिक अडचण नसते.

अडचण सिंकची आहे की खरोखर अधिकारांची, हे कसे ओळखावे?

संदेशात येणारे फाईलचे नाव लिहून ठेवावे आणि इन्स्टॉलर दोन-तीन वेळा चालवून पाहावा. दर वेळी वेगळ्या फाईलवर अडत असेल, किंवा थोडे थांबून पुन्हा प्रयत्न केल्यावर पुढे सरकत असेल, तर फाईल कोणीतरी तात्पुरती धरून ठेवत आहे असे समजावे. दर वेळी अगदी पहिल्याच फाईलवर अडत असेल तर अधिकारांकडे पाहावे. दर वेळी प्रोग्रामच्या मुख्य `.exe` फाईलवरच अडत असेल, तर प्रोग्राम मागे कोठेतरी चालू राहिलेला असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते.

फाईल कोणाच्या हातात आहे हे पाहण्यासाठी वेगळे काही आणावे लागत नाही. संदेश पडद्यावर असतानाच, तो बंद न करता, विंडोज आणि R ही बटणे एकत्र दाबून `resmon` लिहावे. उघडलेल्या खिडकीत `CPU` या भागात `Associated Handles` च्या शोधपेटीत फाईलच्या नावाचा तुकडा टाकला, की ती उघडून बसलेल्या प्रोग्रामचे नाव खाली येते. मार्केट यार्डात तेथे `OneDrive.exe` दिसले होते. संदेश बंद केल्यानंतर शोध घेतला तर बहुधा काहीच सापडत नाही, कारण तोपर्यंत हात सुटलेला असतो.

एक वेगळे कारणही लक्षात ठेवावे. विंडोज सिक्युरिटीमध्ये `Controlled folder access` चालू असेल, तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्ससारख्या संरक्षित फोल्डरमध्ये लिहू दिले जात नाही. ते चालू असल्यास त्याची नोंद `Protection history` मध्ये सापडते, आणि तेव्हा सिंक थांबवून काहीही फरक पडत नाही.

इन्स्टॉल करण्यापुरते सिंक थांबवले तर चालेल का?

इन्स्टॉल होईल. घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करून `Pause syncing` निवडले, की 2, 8 किंवा 24 तासांसाठी सिंक थांबवता येते. परंतु ते पुन्हा सुरू झाल्यावर प्रोग्राम सिंकच्याच फोल्डरमध्ये असतो आणि त्याची डेटा फाईल दिवसभर उघडी असते, ही मूळ स्थिती बदललेली नसते.

`.mdb` किंवा `.accdb` प्रकारची फाईल उघडली की शेजारी `.ldb` किंवा `.laccdb` अशी छोटी फाईल तयार होते. फाईलचा कोणता भाग सध्या कोण बदलत आहे याची नोंद ठेवण्याच्या कामी ती येते, आणि तिच्यामुळेच एका संगणकाच्या सामायिक फोल्डरमधील एकच फाईल अनेकांना एकाच वेळी वापरता येते. सिंकमध्ये मात्र प्रत्येक संगणकावर वेगळी प्रत असते, त्यामुळे माडीवरचे कुलूप काउंटरला लागू होत नाही. म्हणून सिंक थांबवणे हा सुटकेचा तात्पुरता मार्ग आहे आणि तो योग्य जागी हलवण्याच्या कामापुरताच वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे.

‘Always keep on this device’ निवडल्यावर अडचण सुटते असे एकाने सांगितले. ते खरे आहे का?

त्याने दुसरी एक अडचण सुटते. जागा वाचवण्यासाठी काही फायली फक्त क्लाउडवर ठेवल्या जातात आणि संगणकावर त्यांचे नाव तेवढे राहते. अशी फाईल प्रोग्रामला हवी असेल आणि पावसात इंटरनेटची लाइन गेलेली असेल, तर प्रोग्राम उघडतच नाही; सिंकचा प्रोग्रामच बंद असेल, तर `0x8007016A` हा आकडा दिसतो. हा पर्याय निवडल्याने फायली संगणकावर राहतात. पण त्या सिंकमध्येच असतात, त्यामुळे एकाच फाईलवर दोघांचा हात पडण्याचा प्रश्न तसाच राहतो.

मग प्रोग्राम कोठे बसवावा?

इन्स्टॉलर स्वतःहून जी जागा सुचवतो ती बदलू नये. ती बहुधा `C:\Program Files` च्या आत असते. डेस्कटॉपवर हवा असतो तो शॉर्टकट, आणि तो क्लाउडमध्ये गेला तरी फारसे बिघडत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. काही जुने प्रोग्राम आपली डेटा फाईल स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतात, आणि `Program Files` मध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. अशा प्रोग्रामसाठी `C:\Patti` असा थेट सी ड्राइव्हवरील फोल्डर करावा, कारण तेथे तयार केलेल्या फोल्डरमध्ये लॉगिन केलेल्या वापरकर्त्यांना लिहिण्याचा अधिकार सामान्यतः आपोआप मिळतो. आम्ही मार्केट यार्डात हेच केले.

आहे तो फोल्डर ओढून `C:\` वर नेला तर?

कृपया तसे करू नये. शॉर्टकट, अनइन्स्टॉलची नोंद आणि प्रोग्रामबरोबर बसलेली एखादी सेवा, या सर्वांना जुनाच पत्ता माहीत असतो. पुढचे अपडेट पुन्हा जुन्याच जागी जाऊन बसते आणि मग एकाच प्रोग्रामच्या दोन अर्धवट प्रती तयार होतात.

सर्व संगणकांवर प्रोग्राम बंद करावा आणि सर्व संगणकांवर सिंक थांबवावे. त्यानंतर डेटा फाईल पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि दुसरी प्रत सी ड्राइव्हवर ठेवावी. `-MADI` सारख्या दुहेरी प्रती दिसत असतील तर त्याही घ्याव्यात. त्यांतली कोणती जुनी आणि कोणती नवी हे घाईत ठरवू नये. संगणक पुन्हा सुरू करून सिंक अजूनही थांबलेलेच आहे याची खात्री करावी, मग प्रोग्राम अनइन्स्टॉल करावा, नव्या जागी इन्स्टॉल करावा, डेटा तेथे ठेवावा आणि एक पट्टी छापून पाहावी. एवढे झाल्यानंतरच जुना फोल्डर पुसावा. तो एका संगणकावर पुसला आणि सिंक सुरू झाले की सर्वत्र पुसला जातो. चुकून काही गेले, तर वैयक्तिक खात्याच्या ऑनलाइन रीसायकल बिनमध्ये ते 30 दिवस मिळू शकते.

आमच्याकडे क्लाउड नाही. सर्व्हरचा `Z:` ड्राइव्ह आहे आणि तेथे इन्स्टॉल करताना हीच अडचण येते.

येथे ॲडमिनिस्ट्रेटर होण्याने उलट अडचण वाढते, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. `Z:` हे अक्षर आपल्या साध्या लॉगिनशी बांधलेले असते. इन्स्टॉलर जेव्हा वरच्या अधिकारांनी चालतो, तेव्हा विंडोज त्याला वेगळे लॉगिन समजते आणि त्या लॉगिनमध्ये `Z:` जोडलेलाच नसतो. खात्री करायची असेल तर एक साधी आणि एक ॲडमिनिस्ट्रेटरची अशा दोन कमांड खिडक्या उघडून दोन्हींत `dir Z:\` चालवावे. पहिलीत फायलींची यादी येते आणि दुसरीत बहुधा मार्गच सापडत नाही. `.msi` प्रकारच्या इन्स्टॉलरमध्ये बरेचसे काम विंडोजची स्वतःची सेवा करते, तिला तर आपले नेटवर्कचे लॉगिन मुळीच माहीत नसते. तेव्हा `Error 1327. Invalid Drive` असा संदेश येऊ शकतो.

रजिस्ट्रीतील `EnableLinkedConnections` बदलून हे अक्षर ॲडमिनिस्ट्रेटरलाही दाखवता येते. मी ते सुचवत नाही, कारण त्याने ड्राइव्ह दिसू लागला तरी फायली अडकण्याचे थांबत नाही. सर्व्हरवरून तीन जण एकच `.exe` चालवत असतील, तर तिघेही बाहेर पडेपर्यंत ती फाईल बदलता येणार नाही, आणि तिसरा जण जेवायला जाताना संगणक चालू ठेवून गेलेला असतो. कोण अडकवून बसला आहे हे सर्व्हरवर `fsmgmt.msc` चालवून `Open Files` मध्ये नावासह दिसते. तेथून फाईल जबरदस्तीने बंद करता येते, पण डेटा फाईलच्या बाबतीत तसे केल्यास अर्धवट लिहिलेली नोंद खराब होऊ शकते. त्या माणसाला फोन करावा, तेच बरे.

नेटवर्कसाठी योग्य मांडणी अशी, की प्रोग्राम प्रत्येक संगणकाच्या स्वतःच्या सी ड्राइव्हवर बसवावा आणि फक्त डेटा सर्व्हरवर ठेवावा, तेही त्या प्रोग्रामच्या निर्मात्याने अनेक वापरकर्त्यांची सोय दिलेली असेल तरच. मार्केट यार्डातही शेवटी काउंटरच्या संगणकावरील डेटाचा फोल्डर माडीवर सामायिक करून दिला, आणि माडीवरच्या प्रोग्रामला त्याचा `\\COUNTER\PattiData` असा पूर्ण पत्ता दिला.

क्लाउडमधून प्रोग्राम काढला तर आमचा बॅकअप जाईल. त्याचे काय करावे?

ही काळजी रास्त आहे, आणि बॅकअप क्लाउडवर असलाच पाहिजे. फक्त तेथे चालू फाईल न ठेवता बंद फाईलची प्रत ठेवावी. दुकान बंद करताना, सर्वांनी प्रोग्राम बंद केल्यानंतर, पुढील ओळ चालवावी. ती एका `.bat` फाईलमध्ये लिहून डेस्कटॉपवर ठेवली की दिवाणजी दोनदा क्लिक करून काम संपवू शकतात.

```
robocopy "C:\Patti\Data" "%OneDrive%\PattiBackup" /E /R:2 /W:5
```

कोणी प्रोग्राम उघडा ठेवला असेल आणि त्यामुळे फाईल वाचता आली नाही, तर ही आज्ञा पाच सेकंदांच्या अंतराने दोनदा पुन्हा प्रयत्न करते आणि शेवटी `FAILED` या रकान्यात आकडा दाखवते. तो आकडा शून्य आहे हे पाहूनच खिडकी बंद करावी. त्यासाठी `.bat` च्या शेवटच्या ओळीत `pause` लिहावे, म्हणजे खिडकी वाचण्याआधीच नाहीशी होणार नाही. फाईल वाचता आली, तरी प्रोग्राम कोठे उघडा राहिलेला नाही हे दोन्ही संगणकांवर स्वतः पाहावे, कारण लिहिणे चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते.